व्याजदर वाढले की डेट फंड का उतरतो?

रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. नव्याने मुदत ठेव करणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. पण शेअर बाजाराची जोखीम नको म्हणून लांब मुदतीच्या गिल्ट फंडात पैसे ठेवलेल्यांना मे २०२२ च्या सुमारास मुद्दलच कमी झालेले दिसले. सरकारी रोख्यांत पैसे बुडण्याची भीती जवळजवळ नसते. मग हा तोटा आला कुठून?

समजा, तुमच्याकडे १,००० रुपयांचा, दहा वर्षे मुदतीचा, वर्षाला ६० रुपये व्याज देणारा रोखा आहे. बाजारात तशाच नव्या रोख्यावर ७० रुपये मिळू लागले, तर तुमचा रोखा १,००० रुपयांना कोणी घेणार नाही. त्याची किंमत सुमारे ९३० रुपयांवर येईल. हाच रोखा दोन वर्षांत परत मिळणार असेल, तर कमी व्याजाचा फटका दोनच वर्षे बसतो, म्हणून किंमत ९८२ च्या आसपास राहते.

मुदत संपेपर्यंत रोखा हातात ठेवला, तर पूर्ण १,००० रुपये मिळतात. फंडाला मात्र आपल्याकडच्या रोख्यांची किंमत रोज बाजारभावाने मांडावी लागते, त्यामुळे ती घसरण लगेच एनएव्हीत उतरते. किती उतरेल याचा अंदाज फंडाच्या मासिक फॅक्टशीटमधील ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ या आकड्यावरून येतो. तो ७ असेल, तर रोख्यांवरील बाजारदर एक टक्क्याने वाढल्यास एनएव्ही साधारण ७ टक्क्यांनी उतरते. आकडा १ असेल, तर सुमारे एक टक्क्याने.

हा तोटा कायमचा नसतो. १०० रुपयांचे ९३ झाले, तरी फंडातील रोखे आता नव्या भावाप्रमाणे ६ ऐवजी ७ टक्के दराने कमावतात. दर तिथेच थांबले, तर वर्षभरात ९३ चे साडेनव्याण्णव होतात, म्हणजे मुद्दल जवळजवळ भरून निघते. पण ६ टक्क्यांनी जेवढे झाले असते, तेवढे व्हायला साडेसात-आठ वर्षे लागतात. म्हणजे ड्युरेशनच्या आकड्याहून थोडी जास्त.

मुलीच्या प्रवेशाची फी दीड वर्षाने भरायची असेल, तर ड्युरेशन ७ असलेला फंड त्या पैशासाठी चुकीचा आहे. तिथे एकच्या आसपासचा आकडा हवा. पैसे सात-आठ वर्षे लागणार नसतील, तर मधली घसरण सोसता येते.

रेपो दराच्या बातमीवरून मात्र फंड बदलू नये. लांब मुदतीचे रोखे दरवाढ आधीच गृहीत धरतात: मे २०२२ ची पहिली वाढ होण्यापूर्वीच दहा वर्षांच्या सरकारी रोख्याने ७ टक्क्यांची पातळी ओलांडली होती. बातमी वाचून विकणारा बहुतेक वेळा पडलेल्या भावात विकतो आणि पुढचे वाढीव व्याज गमावतो.

शिवाय ड्युरेशन फक्त दरांची जोखीम सांगते. कर्ज घेणारी कंपनी पैसे बुडवेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच फॅक्टशीटमध्ये रोख्यांचे पतमानांकनही पाहावे लागते.