पत्र्याच्या कपाला कान का फुटतात?

गोल कापलेल्या पत्र्याची चकती प्रेसखाली ठेवली, वरून गोल पंच खाली आला आणि चकती डायमधून ओढली जाऊन कप तयार झाला. चकती अचूक गोल होती. पंच गोल, डायही गोल. तरीही कपाचा काठ सरळ येत नाही. तो लाटेसारखा वरखाली होतो: चार ठिकाणी उंच आणि त्यांच्या मधल्या चार ठिकाणी खोल. उंच आलेल्या भागांना कान म्हणतात. घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ते दिसत नाहीत, कारण काठ छाटून आणि वळवून मगच पातेले दुकानात येते. छाटलेला तुकडा भंगारात जातो, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजलेलीच असते.

प्रेस शॉपमध्ये कान दिसले की पहिला संशय डायवर जातो. तो खरा की खोटा हे ठरवायला सोपा उपाय आहे. पत्रा ज्या दिशेने लाटला गेला, म्हणजे कॉइल ज्या दिशेने उलगडते, ती दिशा चकतीवर मार्करने आखून घ्यायची आणि एक कप ओढायचा. पुढची चकती ४५ अंशांनी फिरवून ठेवायची आणि दुसरा कप ओढायचा. कान आखलेल्या रेषेबरोबर फिरले, तर कारण पत्र्यात आहे. चकती फिरवूनही ते प्रेसच्या त्याच बाजूला राहिले, तर दोष साधनांत आहे. काठ एकाच बाजूला उंच आणि समोरच्या बाजूला आखूड असेल, तर बहुतेक वेळा चकती मध्यावर बसलेली नसते किंवा पंच आणि डाय एका रेषेत नसतात. पत्र्यामुळे येणारे कान समोरासमोर जोडीने येतात आणि लाटण्याच्या दिशेशी ठरावीक कोन धरून असतात.

हा कोन येतो कुठून, ते समजायला धातूच्या आत जावे लागते. पत्रा लाखो सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणूंची नीट मांडणी असते, आणि कण वाकतो किंवा ताणला जातो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, पत्त्यांचा कॅट तिरका सरकवल्यावर पाने घसरतात तसे. मात्र हे घसरणे वाटेल त्या पातळीवर होत नाही. ॲल्युमिनियममध्ये अणू सर्वांत दाट बसलेल्या पातळ्यांवर आणि त्यांतल्या ठरावीक दिशांनीच ते होते. त्यामुळे एक सुटा कण सगळ्या दिशांना सारखा मऊ नसतो.

ओतीव धातूत कण वाटेल तसे वळलेले असतील, तर या फरकांची सरासरी होऊन धातू एकंदरीत सगळीकडे सारखा वागेल. रोलिंग मिलमध्ये ही परिस्थिती बदलते. रोलखालून जाताना प्रत्येक कण लांबीला वाढतो आणि जाडीला कमी होतो. रुंदीला मात्र त्याला जवळजवळ वाव नसतो. शेजारच्या कणांनी जखडलेला असल्यामुळे थर घसरताना कण हळूहळू वळतही जातो. पास वाढत जातात तसे बहुतेक कण काही थोड्या ठरावीक ठेवणींकडे ओढले जातात. कणांच्या अशा एकाच बाजूला झुकण्याला धातुशास्त्रात टेक्श्चर म्हणतात. नंतर पत्रा भट्टीत तापवला की नवे कण उगवतात, पण त्यांचीही स्वतःची आवडती ठेवण असते. म्हणजे अनीलिंगने कडकपणा जातो, दिशाभेद मात्र पूर्ण जात नाही, फक्त त्याचे रूप बदलते.

हा दिशाभेद आकड्यात पकडण्याची रीत लँकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडली. पत्र्याची पट्टी ताणली की ती लांब होते, अरुंद होते आणि पातळ होते. अरुंद किती झाली याला पातळ किती झाली याने भागले की जो आकडा मिळतो, तो आर-मूल्य. आकडा १ आला, तर रुंदी आणि जाडी सारख्याच प्रमाणात कमी झाल्या. २ आला, तर पट्टीने जाडी राखली आणि रुंदी सोडली. चांगल्या ड्रॉइंगच्या पत्र्याकडून आपल्याला हेच हवे असते, कारण जाडी राखणारा पत्रा कपाच्या भिंतीत फाटत नाही.

एक उदाहरण करून पाहू. ०.८ मिमी जाडीच्या ड्रॉइंग-प्रतीच्या पोलादातून तीन पट्ट्या कापल्या: एक लाटण्याच्या दिशेने, एक तिच्याशी ४५ अंशांत, एक काटकोनात. प्रत्येकीची मोजायची लांबी ८० मिमी आणि रुंदी २० मिमी. तिन्ही ९२ मिमी होईपर्यंत ताणल्या. पहिलीची रुंदी १८.२८ मिमी भरली, दुसरीची १८.४३, तिसरीची १८.१७. जाडी मोजायची नाही. पत्रा इतका पातळ की तिन्हींच्या जाडीतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहतो, आणि एवढ्याशा फरकात मोजणीची चूक सहज मिसळते. धातूचे घनफळ बदलत नाही, म्हणून लांबी आणि रुंदीवरून जाडीतली घट गणिताने काढता येते. लॉगॅरिदम घेऊन हिशेब केला, की लाटण्याच्या दिशेचे आर-मूल्य सुमारे १.८ येते, ४५ अंशांचे १.४ आणि काटकोनातले २.२. रुंदीत दशांश मिलिमीटरभर दिसणारा फरक या आकड्यांत एवढा मोठा होतो. म्हणूनच पट्टीच्या कडा खरबरीत कापल्या असतील, तर चाचणीवर विश्वास ठेवू नये.

आता या तीन आकड्यांतून दोन निघतात. सरासरी काढताना ४५ अंशांचे मूल्य दोनदा धरतात, कारण पत्र्यात तिरप्या दिशा दुप्पट आहेत. इथे ती १.७ येते, म्हणजे पत्रा खोल ओढायला चांगला. दुसरा आकडा दिशांमधल्या तफावतीचा:

Δr = (r0 + r90 − 2·r45) / 2

इथे तो ०.६ आहे. हा धन आला, तर कान लाटण्याच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात येतात. ऋण आला, तर ४५ अंशांवर येतात. शून्याजवळ असेल, तर काठ जवळजवळ सपाट.

असे का होते, ते चकतीच्या काठाशी जाऊन पाहावे लागते. १०० मिमी व्यासाच्या चकतीतून ५० मिमी व्यासाचा कप ओढायचा आहे. चकतीचा घेर ३१४ मिमी आहे आणि कपाचा त्याच्या निम्मा. काठावरच्या धातूला आत सरकता सरकता घेराच्या दिशेने निम्म्यावर दबावे लागते. दबलेल्या धातूला वाटा दोनच: कपाच्या उंचीकडे जायचे किंवा जाड व्हायचे. जिथे आर-मूल्य मोठे, तिथे जाडी बदलायला धातू राजी नसतो, म्हणून तो उंचीकडे जातो आणि कान उठतो. जिथे आर-मूल्य लहान, तिथे तो जाड होतो आणि काठ मागे राहतो. मायक्रोमीटर लावला, तर दोन कानांमधल्या खोलगट भागात भिंत थोडी जाड सापडते.

यात एक बारकावा आहे आणि तो अनेकदा निसटतो. लाटण्याच्या दिशेला काठावर जो बिंदू असतो, तिथला दाब घेराच्या दिशेने, म्हणजे लाटण्याच्या काटकोनात बसतो. म्हणून त्या जागचा कान काटकोनातले आर-मूल्य ठरवते. आपल्या पत्र्यात ते २.२ म्हणजे सर्वांत मोठे आहे. तेव्हा सर्वांत उंच कान काटकोनात येतील असे वाटेल, पण ते लाटण्याच्या दिशेलाच, समोरासमोर येतात. काटकोनातले दोन त्यांच्यापेक्षा ठेंगणे असतात.

मग पत्र्यातली दिशाच काढून टाकावी का? कण पूर्ण विखुरले, तर कान जातील, पण आर-मूल्यही १ च्या जवळ येईल आणि खोल कप फाटू लागतील. पोलादवाल्यांनी म्हणून वेगळा मार्ग धरला. पोलादाचा स्फटिक घनाकार असतो. त्या घनाचा लांब कर्ण पत्र्याच्या पृष्ठभागाला लंब उभा असेल, तर जाडी कमी करणे अवघड जाते आणि आर-मूल्य वाढते. शिवाय त्या कर्णाभोवती कण वेगवेगळे फिरलेले असले, तर पत्र्याच्या पातळीत सगळ्या दिशा जवळपास सारख्या होतात. अशी ठेवण मिळावी म्हणून पोलादातला कार्बन अगदी कमी करतात, उरलेला कार्बन आणि नायट्रोजन टायटॅनियम किंवा नायोबियममध्ये बांधून टाकतात, मग पत्रा थंड अवस्थेत भरपूर लाटून तापवतात. आयएफ स्टील म्हणतात ते हेच.

ॲल्युमिनियममध्ये असा मार्ग सापडत नाही. तिथे दोन विरुद्ध कल एकमेकांना तोलावे लागतात, आणि शीतपेयाच्या कॅनइतके हे काटेकोरपणे कुठेच करत नसतील. कॅनच्या अंगाचा पत्रा ३१०४ या मिश्रधातूचा असतो. गरम लाटणीनंतर त्यात घनाच्या कडा पत्र्याच्या लांबी, रुंदी आणि जाडीला समांतर असलेले कण भरपूर असतात. अशा पत्र्याचे कान लाटण्याच्या दिशेला आणि काटकोनात येतात. त्यानंतर पत्रा थंड लाटत सुमारे पाव मिलिमीटरपर्यंत आणतात आणि थंड लाटणी कानांना ४५ अंशांकडे ढकलत जाते. गरम पट्टीत घनाकार ठेवणीचे कण पुरेसे असतील, तर शेवटी दोन्ही कल एकमेकांना जवळपास खोडून काढतात. कमी असतील, तर ४५ अंशांचे कान उंच येतात. म्हणजे कानांचा निकाल गरम लाटणीच्या टोकाला, तिथल्या तापमानावर ठरून गेलेला असतो. नंतर तो दुरुस्त करायला फारशी संधी राहत नाही.

आणि इथे कान नुसते छाटून भागत नाही. पत्र्याचा आधी उथळ कप होतो, मग कप कड्यांच्या मालिकेतून ढकलून त्याची भिंत पातळ आणि उंच करतात, तेव्हा कानही लांबतात. त्याआधीच, कप ओढण्याच्या शेवटच्या क्षणी, काठाचा बाकीचा भाग ब्लँक होल्डरखालून निसटलेला असतो आणि त्याचा सगळा दाब कानांच्या टोकांवर येतो. टोके चिमटली जाऊन पातळ होतात. पुढे त्यांतला एखादा तुकडा तुटून कड्यात अडकला, की मागून येणाऱ्या कॅनची भिंत फाटते आणि लाइन थांबते.

तीन पट्ट्यांच्या हिशेबाची मर्यादाही इथेच कळते. दोन्ही कल नीट तोलले गेले, की काठावर चारऐवजी सहा किंवा आठ छोटे कान दिसू लागतात, आणि तीन दिशांवर बेतलेल्या सूत्राला ते दिसतच नाहीत. Δr शून्याजवळ येतो, काठ मात्र सपाट नसतो. म्हणून कॅनचा पत्रा तपासताना पट्टी ताणून थांबत नाहीत. कॉइलमधून चकती कापून प्रत्यक्ष कप ओढतात आणि पूर्ण घेरावर काठाची उंची मोजतात.