कमिशन वाढवण्याआधी तीन प्रश्न

चांगला विक्री प्रतिनिधी थंडावला की साहेब कमिशन वाढवून बघतात. व्हिक्टर व्ह्रूम यांनी १९६४ मध्ये मांडलेला अपेक्षा सिद्धांत आधी त्याच्याशी बोलून तीन गोष्टी तपासायला सांगतो: मेहनत केली तर काम जमेल असं त्याला वाटतं का, जमलं तर मोबदला नक्की मिळेल का, आणि तो मोबदला त्याला हवासा आहे का. या तिन्हींचा गुणाकार होतो. एक शून्य, तर सगळंच शून्य.

समजा तो म्हणाला, "ऑर्डर आणतो हो, पण गोदामात मालच नसतो. टार्गेट गाठणार कसं?" म्हणजे पहिलाच दुवा तुटलाय. कमिशन दुप्पट केलं तरी तो हलणार नाही. पुरवठा सुधारा किंवा टार्गेट बदला. "मागचाच इन्सेंटिव्ह मिळाला नाही," म्हणाला, तर आधी थकबाकी चुकती करा.