बाळाचे माप घ्यावे, वय विचारू नये

शहापूर तालुक्यातील डोळखांबसारख्या गावी बाळाचा तयार कपडा बहुधा बाहेरून येतो. कोणी शहापूरच्या बाजारातून आणतो, तर कल्याण-मुंबईकडील आत्या-मामा बारशाला येताना पिशवी भरून घेऊन येतात. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘बाळ किती महिन्यांचे?’’ उत्तर मिळताच ‘६ ते ९ महिने’ असा कपडा हाती पडतो. घरी आल्यावर तो बाळाच्या पावलांखाली लोंबतो, नाहीतर काखेत आवळतो. आणि एवढ्यासाठी बदलून आणायला पुन्हा एस.टी.ने कोण जाणार?

याचे कारण वय हे माप नव्हे, हेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीची प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यासाठी ज्या सहा देशांतील बालकांची मोजणी झाली त्यांत भारतही होता. या प्रमाणांनुसार सहा महिन्यांच्या मुलाची मध्यम लांबी ६७.६ सेंटीमीटर आहे. तथापि साधारण ६३ पासून ७२ सेंटीमीटरपर्यंतची बाळे त्या वयाच्या नेहमीच्या मर्यादेत मोडतात. एकाच वयात नऊ सेंटीमीटरचे अंतर! कपड्यांच्या मापात ते दीड पायरीचे होते, कारण युरोपीय पद्धतीत ५६, ६२, ६८, ७४, ८० अशी मापे सहा-सहा सेंटीमीटरने चढतात. हे आकडे बाळाच्या लांबीचेच असतात. आपल्याकडील पुष्कळ तयार कपड्यांवर महिन्यांशेजारी ते बारीक अक्षरांत छापलेले असतात. वाचावयाचे ते हेच.

एक उदाहरण घेऊ. सहा महिने पूर्ण झालेली एक मुलगी आहे; लांबी ६२, छाती ४० आणि डोक्याचा घेर साडेएकेचाळीस सेंटीमीटर. ही लांबी चार महिन्यांच्या मध्यम मुलीइतकी आहे. वयावरून घेतलेला कपडा अनेकदा ७४ चा निघतो, म्हणजे दोन पायऱ्या मोठा. तिला ६८ चा हवा. या वयात लांबी महिन्याला सुमारे दीड सेंटीमीटर वाढते. त्यामुळे तो चार महिने सहज पुरेल. मात्र त्यावर पुष्कळदा ‘३ ते ६ महिने’ लिहिलेले असते, आणि ‘‘हिला तर सहा पुरे झाले’’ म्हणून तोच नेमका परत ठेवला जातो.

लांबी मोजण्यास दोन माणसे लागतात. चटईवर बाळाला उताणे निजवून एकाने डोके भिंतीला टेकवून सरळ धरावे. दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करावेत आणि टाचेशी खूण करावी. मग भिंतीपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. अंगावरून टेप फिरवून मोजले तर पोटाच्या उंचवट्यामुळे आकडा वाढतो. अंगणवाडीत नुकतीच लांबी मोजली असेल, तर तोच आकडा चालेल.

छाती काखेखालून, स्तनाग्रांच्या रेषेवर मोजावी. टेप पाठीवर खाली घसरू देऊ नये. बाळ रडत असेल तर थांबावे. झबल्यासाठी या मापात आठ सेंटीमीटर सैलपणा धरावा. वरील मुलीचे ४० अधिक ८ म्हणजे ४८. कपडा सपाट पसरला की एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत २४ भरला पाहिजे. अंगावर न घालता दुकानातच ही पडताळणी होते. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून घरी शिवताना ते आधी भिजवून वाळवावे.

डोक्याचे माप मात्र हमखास विसरले जाते. पहिल्या वर्षात बाळाचे डोके बहुधा छातीपेक्षा मोठे किंवा तिच्याइतके असते, आणि छातीत बसणारा कपडा गळ्यात अडकतो. आजीच्या झबल्याला पाठीमागे उघड आणि बांधायला बंद असत ते उगाच नव्हे. तयार कपड्याचा गळा ताणून ४२ पर्यंत होत नसेल, तर खांद्यावर बटणे असलेला घ्यावा. याउलट फार सैल गळा झोपेत नाकातोंडावर सरकतो. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन पायऱ्या मोठा घेण्यातील खरा धोका हा आहे. वाढ लांबीतच अधिक होते, तेव्हा फ्रॉक शिवताना खाली चार बोटांची दुमड ठेवावी, रुंदी वाढवू नये.

आणखी एक गैरसमज घरोघरी आढळतो. सहा महिन्यांचा कपडा ढिला झाला की आईला ‘‘बाळ वाळले’’ असे ऐकवले जाते. कारखान्याची पट्टी हा वाढीचा तक्ता नव्हे. वेळेआधी किंवा कमी वजनाने जन्मलेले बाळ कित्येक महिने त्या पट्टीच्या मागेच राहते. शंका असेल तर अंगणवाडीतील वजन-लांबीच्या नोंदी क्रमाने पाहाव्यात. त्यांची रेघ चढती आहे की आडवी झाली, हे पाहावे. आडवी वाटली तर डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाला दाखवावे.

बारशाला कपडा नेणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून लांबी, छाती व डोके असे तीन आकडे विचारून घ्यावेत. समारंभ महिन्याभराने असेल, तर नवजात बाळासाठी लांबीत तीन-चार सेंटीमीटर मिळवावेत.