टॉन्सिलजवळील गळवाची सूचना

साधे टॉन्सिल सुजले म्हणजे बहुधा दोन्ही बाजूंस दुखतें, आणि तोंड नीट उघडतें. आज सांगावयाचें आहे तें याहून निराळ्या दुखण्याविषयीं.

समजा, फणसवाडींतील एका चाळींत वीस वर्षांच्या मुलाचा घसा चार दिवस दुखत आहे. पांचव्या दिवशीं सारी वेदना उजवीकडेच एकवटते व कळ कानापर्यंत जाते. लाळ गिळवत नाहीं, शब्द तोंडांत ऊन घास धरल्यासारखे येतात, आणि एरवीं स्वतःचीं तीन बोटें मावत त्या तोंडांत एकच कसेंबसें शिरतें. टॉन्सिल व घशाची भिंत यांच्यामध्यें पू सांचूं लागल्याची ही खूण होय. शेजारींच जबडा मिटविणारा स्नायू असतो; तो दाहानें आखडतो, म्हणून तोंड उघडत नाहीं. विजेरीच्या उजेडांत टाळूची उजवी बाजू फुगलेली व पडजीभ डावीकडे ढकललेली दिसते.

अशा वेळीं केवळ गुळण्यांवर विसंबूं नये, गळूं पिकण्याची वाट पाहूं नये, आणि बोटानें वा चमच्यानें फोडूं तर नयेच. पू श्वासनलिकेंत उतरण्याचें भय असतें. त्याच दिवशीं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें, परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत तो विभाग आहे. डॉक्टर सुईनें पू ओढून घेतात किंवा लहानसा छेद देतात, व प्रतिजैविक औषध चालू करतात. पू निघाला कीं बहुधा लवकरच उतार पडतो.

मात्र श्वास घेतांना आवाज होऊं लागला, दम कोंडला किंवा मान सुजली, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गांठावें.