पत्रात काय, सीव्हीत काय

‘आपल्या अमुक तारखेच्या जाहिरातीस अनुसरून मी सदर पदासाठी अर्ज करीत आहे. मी बी.कॉम. असून मला सहा वर्षांचा अनुभव आहे. मी मेहनती व प्रामाणिक आहे. सोबत सीव्ही जोडला आहे. कळावे.’

नोकरीसाठी निघणाऱ्या पत्रांपैकी बरीचशी अशीच असतात, मराठीत असोत की इंग्रजीत. शाळेतल्या पत्रलेखनात मायना बरोबर असला, विषय अधोरेखित केला आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ आले की गुण मिळायचे. कार्यालयात ते पत्र उघडणाऱ्याचे मात्र त्याने काहीच काम होत नाही. पदवी आणि वर्षे सीव्हीत आहेतच. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे ते असून नसल्यासारखे. सीव्ही जोडला आहे हे जोडलेल्या फाइलवरून दिसते. मग पत्र कशासाठी?

सीव्ही म्हणजे नोंदवही: कोणते काम, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणती पदवी, कोणते सॉफ्टवेअर. तो एकदा नीट केला की थोड्याफार फरकाने दहा ठिकाणी चालतो. पत्र मात्र एका जागेसाठी आणि एका वाचणाऱ्यासाठी लिहायचे असते. वाचणाऱ्याला काय हवे आहे आणि सीव्ही चाळल्यावर त्याच्या मनात कोणती शंका उरेल, या दोन प्रश्नांवर पत्राचा मजकूर ठरतो. उमेदवाराने आयुष्यात काय काय केले, हा तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर सीव्हीवर सोपवून मोकळे व्हावे.

याचा एक जुना आणि प्रसिद्ध दाखला इटलीतला आहे. 1482च्या सुमारास, तिशीच्या आसपास असलेल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून काम मागणारे पत्र तयार केले. त्याचा मसुदा आजही मिलानमध्ये आहे, मात्र तो लिओनार्दोच्या स्वतःच्या अक्षरात नाही. या पत्राला हौसेने ‘जगातला पहिला सीव्ही’ म्हटले जाते. खरे तर त्यात सीव्हीतले काहीच नाही. फ्लोरेन्सच्या वेरोक्कियोसारख्या नामांकित कलाकाराच्या कार्यशाळेत आपण तयार झालो, हेसुद्धा त्यात येत नाही. येतात ते उचलून नेता येण्याजोगे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा आणि छत्र असलेल्या गाड्या. मिलान तेव्हा लढायांत गुंतलेले होते, आणि पत्र त्या गरजेपासून सुरू होते. इमारती, शिल्प आणि चित्रकला दहाव्या मुद्द्यात, शांततेच्या काळात काय करता येईल म्हणून. त्यानंतर लुदोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ करायच्या ब्राँझच्या घोड्याचा उल्लेख, आणि शंका असेल तर प्रयोग करून दाखवण्याची तयारी. त्यातली बरीच यंत्रे तेव्हा कागदावरच होती, म्हणून दाव्यांच्या बाबतीत त्याचा कित्ता गिरवू नये. क्रम मात्र पाहण्यासारखा आहे.

आजचे एक कल्पित पण नेहमी भेटणारे उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या एका मसाले उद्योगाने अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा काढली आहे. मागण्या चार: बी.कॉम., पाच वर्षांचा अनुभव, टॅली व एक्सेल, आणि जीएसटीचे काम ‘पुरवठादारांच्या ताळमेळासह’. सांगलीची एक उमेदवार अर्ज करते आहे. सीव्हीप्रमाणे ती बी.कॉम. आहे, 2016 ते 2022 अशी सहा वर्षे एका बेकरी उद्योगाच्या हिशेब विभागात होती, त्यानंतर दोन वर्षे नोकरी नाही आणि 2024पासून घरूनच काही दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रे भरते.

तिने कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात जाहिरातीतली मागणी, दुसऱ्यात सीव्हीतली त्याबद्दलची ओळ, तिसऱ्यात ती ओळ वाचूनही काय कळत नाही ते. बी.कॉम.समोर तिसरा रकाना कोरा राहतो. अनुभवाची वर्षे, टॅली, एक्सेल यांसमोरही कोराच. म्हणजे या तिन्हींना पत्रात जागा नाही.

ताळमेळाशी आल्यावर मात्र पेन थांबते. सीव्हीत ओळ आहे: ‘जीएसटी विवरणपत्रे व पुरवठादारांचा ताळमेळ’. असे लिहिणारे पुष्कळ असतात. त्यातला कोण नुसता आकडे भरतो आणि कोणाला हे काम कुठे अडते ते ठाऊक आहे, हे या ओळीवरून समजत नाही. याखेरीज मागणीत नसलेल्या दोन गोष्टी तिसऱ्या रकान्यात येतात. दोन वर्षांचा खंड का पडला? आणि सांगलीची व्यक्ती पुण्याजवळ खरोखर येणार का, आणि कधी?

पत्राचा मजकूर इथेच ठरला. आता ते असे होऊ शकते:

‘आपल्या जाहिरातीत पुरवठादारांच्या ताळमेळाचा खास उल्लेख आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते. बेकरीत मैदा, पॅकिंग आणि सुट्या भागांचे बरेच छोटे पुरवठादार होते. त्यांची बिले जीएसटीआर-2बीमध्ये दिसली नाहीत, की करवजावट पुढच्या महिन्यावर जायची. 2बी 14 तारखेला हाती येते आणि 3बी 20 तारखेपर्यंत भरायचे असते. त्या सहा दिवसांत फोन करून उपयोग नसतो, कारण पुरवठादाराची जीएसटीआर-1 भरण्याची मुदत 11 तारखेलाच संपलेली असते. म्हणून मी दर महिन्याच्या 5 तारखेला प्रत्येकाला त्याच्या बिलांची यादी पाठवू लागले. राहून गेलेली बिले मुदतीआधीच लक्षात येऊ लागली.

2022 ते 2024 या काळात घरातल्या आजारपणामुळे नोकरी थांबवली होती. ती जबाबदारी आता संपली आहे. जूनपासून आम्ही पुण्यात राहायला येत आहोत. निवड झाल्यास 15 दिवसांत रुजू होऊ शकेन.’

या पत्रात पदवी नाही, टॅली नाही, सहा वर्षे हा आकडाही नाही. बेकरीतली नोकरी सीव्हीत आहे आणि पत्रातही आली, पण ही पुनरावृत्ती नव्हे. सीव्हीतल्या ओळीला बोट लावून पत्राने त्या ओळीच्या आत काय घडत होते ते दाखवले. एखादा धागा दोन्हीकडे असावाच लागतो, नाहीतर पत्रातली माणसे आणि सीव्हीतली माणसे वेगळी वाटतात. तीच माहिती तेवढ्याच तपशिलाने दुसऱ्यांदा आली, तर ती कापायची.

आजारपण कोणाचे, कोणते, किती गंभीर, हे तिने लिहिले नाही, तेही बरोबरच. खंडाबद्दल वाचणाऱ्याला एवढेच हवे असते की कारण होते आणि आता ते उरलेले नाही. इथे परिच्छेदभर लिहिले की शंका कमी होण्याऐवजी वाढते.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण हमखास येते. लग्नानंतर नाव बदललेले असते, पदवीवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. हा खुलासा पत्रात द्यावा असे अनेकींना वाटते. त्याची जागा सीव्हीत आहे, नावाच्या खालीच: ‘प्रमाणपत्रांवरील नाव अमुक’. कारण पत्र एकदाच वाचले जाईल, पण कागदपत्रे तपासणाऱ्याच्या हाती पुढे सीव्हीच असेल.

यावरूनच एक मर्यादा येते. पत्र वाचलेच जाईल याची खात्री नसते. कित्येक ठिकाणी पहिली चाळणी फक्त सीव्हीवर होते, आणि भरतीच्या संकेतस्थळांवर तर कधी कधी पत्र जोडायची सोयही नसते. म्हणून जाहिरातीतली अट पूर्ण करणारी कोणतीही गोष्ट केवळ पत्रात ठेवू नये. आपल्या उमेदवाराने घरून केलेले जीएसटीचे काम ‘किरकोळ’ म्हणून सीव्हीतून वगळून पत्रात घातले असते, तर चाळणी करणाऱ्याला 2022नंतर सगळे कोरेच दिसले असते. पत्र हरवले तरी सीव्हीवरून पात्रता कळली पाहिजे. उलट सीव्ही बाजूला ठेवून पत्र वाचले, तर या व्यक्तीला बोलावून पाहावे असे वाटले पाहिजे. सरकारी भरतीत ठरावीक नमुन्यातला अर्ज मागवलेला असतो, तिथे हा विचार करण्याचे कारण नाही. रकाने भरावेत.

पुनरावृत्ती शोधायची सोपी रीत म्हणजे छापलेले पत्र आणि सीव्ही शेजारी ठेवणे आणि पत्रातले एकेक वाक्य सीव्हीत सापडते का ते पाहणे. जे सापडले ते खोडायचे. पहिल्या मसुद्यात बहुतेकांची अर्ध्याहून अधिक वाक्ये जातात. उरलेल्यांपैकी जी वाक्ये कंपनीचे नाव बदलून दुसरीकडे जशीच्या तशी पाठवता येतील, तीही संशयितच. ‘आपल्यासारख्या नामवंत संस्थेत काम करण्याची संधी’ हे त्यांतले पहिले.

खोडाखोड सीव्हीतही करावी लागते. आपल्याकडच्या सीव्हीत सर्वांत वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ नावाचा परिच्छेद असतो, बहुधा इंटरनेटवरून उतरवलेला. हे काम का हवे ते पत्रात आले असेल, तर हा परिच्छेद काढून टाकावा. त्या जागी पानभर खाली गेलेला अनुभव वर सरकतो. ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापन, धर्म, वैवाहिक स्थिती हे सारे मागितले असेल तरच ठेवावे. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा यांची आपल्याकडे फार जुनी सरमिसळ आहे.

शेवटचा घोळ ईमेलचा. पत्र वेगळ्या फाइलमध्ये, सीव्ही वेगळ्या फाइलमध्ये, आणि ईमेलच्या मजकुरात पुन्हा ‘मी बी.कॉम. असून’ असा तिसरा अर्ज. जाहिरातीत पत्राची वेगळी फाइल मागितलेली नसेल तर पत्रच ईमेलच्या मजकुरात ठेवावे आणि फक्त सीव्ही जोडावा. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि जाहिरातीचा क्रमांक द्यावा. हे दोन्ही तिथे आले की पत्राची ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून’ ही पहिली ओळही मोकळी होते, आणि सांगलीची उमेदवार थेट पुरवठादारांपासून सुरुवात करू शकते. मोबाइलवर ईमेल उघडणाऱ्याला पहिल्या पडद्यावर दोन-तीनच वाक्ये दिसतात. 5 आणि 11 तारखांचा मुद्दा त्यातच यावा, इतका तिने तो वर घ्यावा.