नळाला बांधलेली अर्थिंगची तार

जुन्या इमारतीत गिझरच्या पॉइंटपर्यंत अर्थिंगची तार आलेलीच नसली, की घाईतला वायरमन एक सोपी युक्ती करतो. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाची तार तो शेजारच्या लोखंडी पाण्याच्या पाइपला गुंडाळतो. पाइप शेवटी जमिनीतच जातो, मग काय बिघडलं? गिझर तापतो, आंघोळी होतात, आणि ही जोडणी कुचकामी असल्याचं वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या गिझरच्या कॉइलचं आवरण क्षारांनी खाऊन फुटलं आणि फेज टाकीच्या पत्र्याला लागला. अर्थिंगचं काम इथे सुरू होतं: इतका प्रवाह वाहू द्यायचा, की एमसीबी क्षणात पडावा. गिझरला बहुधा १६ अँपिअरचा एमसीबी असतो. घरात सर्रास दिसणाऱ्या ‘सी’ प्रकारचा असेल, तर तो झटक्यात पडायला १६० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. पाइप, त्याचे गंजके सांधे आणि माती मिळून वाटेत २० ओमचा अडथळा धरू. २३० व्होल्टला २० ने भागलं, की येतात साडेअकरा अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने हा तर नेहमीचाच भार! तो पडत नाही. मीटर पळत राहतो आणि पाइपवर धोकादायक दाब तसाच टिकून राहतो.

हा पाइप एका घराचा नसतो. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी उभी लाइन सगळ्या मजल्यांना पाणी देते, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई सकाळी तोटी उघडताना ‘नळ करंट मारतोय’ म्हणतात आणि त्यांच्या घरात दोष सापडत नाही. अशा वेळी आपला मेन स्विच बंद करून पाहायचा, पण नळाला हात न लावता, वायरमनच्या मीटरने. तरीही दाब दिसला, तर तो शेजारून येतोय. मग एकेका घराचा गिझर बंद करत शोध घ्यावा लागतो.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. तळमजल्यावरचा कुजलेला तुकडा काढून प्लंबर तिथे प्लास्टिकचा पाइप बसवतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. अर्थिंग कुणी कुठे बांधलंय, हे त्याला कोण सांगणार? पण जमिनीकडची वाट तिथेच तुटते. ‘आत पाणी आहे ना, ते वाहून नेईल वीज,’ हा समज चुकीचा आहे. अर्धा इंची पाइपातल्या नेहमीच्या पाण्याच्या एक मीटर लांबीला साधारण लाखभर ओम अडथळा असतो. आता वरच्या सगळ्या लोखंडावर जवळपास पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूसच त्यांची वाट होतो. पाइप कापताना खुद्द प्लंबरलाही धोका असतो, कारण कापलेली दोन टोकं त्याच्या दोन हातांत असतात.

म्हणून गिझरला बोर्डापासून स्वतंत्र तिसरी तार हवी, आणि ती इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी जोडलेल्या पट्टीवर पोचायला हवी. खड्डा चांगला असला, तरी केवळ त्याच्या जोरावर एमसीबी झटकन पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. तो गळती ओळखून पुरवठा तोडतो.

मग धातूच्या पाइपांना तार लावायचीच नाही का? लावायची, पण वेगळ्या कारणासाठी. तिला बाँडिंग म्हणतात. नळातून वीज जमिनीत पाठवणं हा तिचा हेतू नाही. गिझर आणि नळ एकाच वेळी हाताला लागले, तर त्यांच्यात व्होल्टचा फरक उरू नये, एवढंच तिचं काम. पाइप इमारतीत शिरतो तिथे तो मुख्य अर्थ-पट्टीला जोडतात. बाथरूममध्ये गरम व गार पाण्याचे धातूचे पाइप एकमेकांना आणि गिझरच्या अर्थ-तारेला जोडतात. साधारण ४ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तांब्याची तार त्यासाठी वापरतात. तार गुंडाळायची नाही. रंग खरवडलेल्या जागी क्लॅम्प आवळायचा, आणि पुढे तपासता येईल असा उघडा ठेवायचा. जोडणी झाल्यावर नळ आणि गिझरची अर्थ-पिन यांच्यातला अडथळा ओमच्या अगदी छोट्या अंशात यायला हवा. पाइप प्लास्टिकचे असतील, तर त्यांवरच्या सुट्या धातूच्या तोट्यांना काही जोडू नये. त्या मुद्दाम अर्थला बांधल्या, तर दुसरीकडचा दोष आपणच तिथवर आणून ठेवतो.

बाँडिंगने ओली फरशी मात्र नळाच्या पातळीला येतेच असं नाही; आरसीसीबी त्यामुळेही टाळता येत नाही. कामाचा क्रमही उलटा चालत नाही. घरात खरं अर्थिंग नसताना कुणी हौसेने गिझर आणि पाइप एकत्र बांधले, तर फुटलेल्या कॉइलची वीज थेट प्रत्येक नळावर जाते. आधी बोर्डापासूनची तिसरी तार ओढून घ्यायची, ती तपासायची, आणि मगच क्लॅम्प लावायचे.