सोनेरी लोगोबद्दल मॅडमना लिहिताना

कंपनीच्या ठरलेल्या रंग-रूपाशी न जुळणाऱ्या कामाला डिझायनर मंडळी ‘ऑफ-ब्रँड’ म्हणतात. सणासुदीला अशी पोस्टरं हमखास निघतात, कारण एरवी निळ्या-पांढऱ्यात वावरणाऱ्या कंपनीलाही दिवाळीत झगमगावंसं वाटतं. त्या वाटण्यात गैर काहीच नाही. म्हणूनच ज्युनियर डिझायनरनं मॅनेजरला ‘हे आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. सणासाठी काय बदललं तर चालतं आणि काय बदललं तर ओळखच पुसली जाते, हे त्या ईमेलमध्ये वेगळं करून दाखवावं लागतं.

समजा, एका सहकारी बँकेचा रंग गडद निळा आहे आणि चिन्ह गोल. दिवाळीचं पोस्टर घाईत तयार झालं आहे. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शुभेच्छा आहेत. लोगोला सोनेरी मुलामा दिला आहे आणि जागा भरावी म्हणून तो आडवा ताणला आहे. मॅनेजरबाईंना पोस्टर आवडलं आहे, संध्याकाळी ते फ्लेक्सवाल्याकडे जायचं आहे. इथे ईमेलच्या विषयाच्या ओळीनंच निम्मं काम करायला हवं: ‘दिवाळी पोस्टर: छपाईआधी तीन दुरुस्त्या, सुधारित फाइल सोबत’. नुसतं ‘पोस्टरबद्दल’ असं लिहिलेलं ईमेल दुसऱ्या दिवशी उघडलं जाण्याची शक्यता जास्त.

पुढचा मजकूर साधारण असा असू शकतो: ‘मॅडम, पणत्या आणि पिवळी पार्श्वभूमी तशीच ठेवली आहे, दिवाळीला ती शोभते. लोगो मात्र मूळ निळ्या रंगात आणि मूळ प्रमाणात घेतला आहे. आत्ताच्या पोस्टरमध्ये आपलं गोल चिन्ह लंबगोल दिसतंय. शाखेच्या पाटीखाली हा फ्लेक्स लागला की फरक लगेच कळेल.’ या चार-पाच वाक्यांत आवडीनिवडीचा वाद येत नाही. वर्तुळाचा लंबगोल झाला आहे का, हे पट्टी लावून कुणीही तपासू शकतं. उलट ‘सोनेरी रंग भडक वाटतो’ असं लिहिलं की त्याला ‘मला नाही वाटत’ हे उत्तर तयारच असतं, आणि पदानं मोठ्या माणसाचं मत जिंकतं.

दुसरी दुरुस्ती वाचनीयतेची. दोन रंगांच्या उजेडातला फरक गुणोत्तरात मोजता येतो. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात म्हणून ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ असा फरक मागितला आहे. #FFD200 या पिवळ्यावर पांढरं अक्षर ठेवलं तर तो जेमतेम १.४५ : १ भरतो. त्याच पिवळ्यावर #0B3D91 हा गडद निळा घेतला की आकडा ७ : १ च्या जवळ जातो. म्हणजे बँकेचा स्वतःचा रंग परत आणल्यानं पोस्टर वाचताही येतं, आणि हा मुद्दा ईमेलमधला सगळ्यांत जोरकस ठरतो. हे निकष पडद्यासाठी आहेत, फ्लेक्सवरची शाई वेगळी दिसते. म्हणून आकड्याबरोबर पोस्टर मोबाइलवर अंगठ्याएवढं करून काढलेला स्क्रीनशॉट जोडावा. व्हॉट्सॲपवर बहुतेक ग्राहकांना ते तेवढंच दिसणार असतं.

तिसरी दुरुस्ती मराठीची. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसेल, तर ‘हार्दिक’मधला रफार ‘द’च्या डोक्यावर चढत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या आधी येण्याऐवजी नंतर पडते. मराठी न वाचणाऱ्या सहकाऱ्याच्या नजरेतून हे सहज निसटतं. त्याबद्दल ईमेलमध्ये एक ओळ पुरे, स्पष्टीकरण नको: ‘“हार्दिक” हा शब्द तुटला होता, नीट केला आहे.’ चूक कुणाची, हेही लिहू नये. पोस्टर शेजारच्या टेबलावर झालेलं असतं आणि ईमेल पुढे कुणाकुणाला जाईल, याचा नेम नसतो.

मार्गदर्शिकेतले उरलेले नियम, म्हणजे लोगोभोवतीची मोकळी जागा किंवा कोपऱ्यातल्या फोन नंबरचा टाइप, सुधारित फाइलमध्ये गुपचूप पाळावेत. बारा तक्रारींची यादी पाठवली तर वाचणाऱ्याला त्यातल्या तीनच महत्त्वाच्या आहेत हे कळणार नाही. जुनं आणि नवं पोस्टर मात्र शेजारी-शेजारी एकाच चित्रात द्यावं, मॅनेजरला दोन फाइली उघडाव्या लागू नयेत.

शेवटी वेळ आणि पर्याय: ‘होकार मिळाला तर पाच वाजेपर्यंत छपाईची फाइल देते. फ्लेक्स आधीच गेले असतील तर निदान व्हॉट्सॲपचं पोस्टर बदलूया.’ नकार आला तर ठरलेलं पोस्टर पाठवावं, फक्त ‘हार्दिक’ दुरुस्त करण्याची परवानगी तेवढी पुन्हा मागावी. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.